आप्पा थांब्यावर रेंडरर बदलतात

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, आयुष्यभर बस चालवली आणि त्यांच्या हातून एकदाही अपघात झाला नाही. हे मला लग्नाच्या आधी सांगण्यात आलं, लग्नात सांगण्यात आलं आणि त्यानंतर ज्या ज्या दिवशी मी स्कूटर फाटकाला घासली त्या त्या दिवशी सांगण्यात आलं. त्यामुळे त्या रविवारी दुपारी आतल्या खोलीतून "सूनबाई, गेम क्रॅश झाला असं लिहून आलंय म्हणे" असा आवाज आला, तेव्हा माझ्या मनात आधी जे आलं ते काही सहानुभूतीचं नव्हतं.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. दिवसभर लोकांच्या पंख्यांतली धूळ काढायची आणि "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं" हे ऐकून घ्यायचं, हा माझा धंदा. रविवारी मी कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावत नाही. हा नियम माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे आणि ते तो पाळतात. मोडतात ते फक्त घरचे.

आत गेले तर सासूबाई कीबोर्डसमोर बसल्या होत्या आणि आप्पा मागे हात बांधून उभे होते. पडद्यावर गेमने एक चौकोन उघडून विचारलं होतं की क्रॅश झाला तेव्हा आपण काय करत होता. सासूबाईंनी तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला होता आणि आता आप्पांचा जबाब एका बोटाने टाइप करत होत्या. "वेग मर्यादेत होता. इंडिकेटर दिला होता. पुढचं वाहन सुरक्षित अंतरावर होतं. चूक समोरच्याची आहे."

"समोरचा कोण, आप्पा?" मी विचारलं.

"ते त्यांनी शोधावं. पाठव गं."

आणि सासूबाईंनी तो जबाब पाठवून दिला. कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी इंजिनिअरने तो वाचला असेल तर त्याचं भलं होवो.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आप्पांना निवृत्तीच्या आधीच घरी बसावं लागलं. दरवर्षीच्या तपासणीत डोळे नापास झाले आणि चाक हातातून गेलं. त्यानंतरचे काही महिने आमच्या घरात कुणी आठवत नाही, म्हणजे आठवतं, पण बोलत नाही. ते दिवसभर खुर्चीत बसून असत. उठले तर स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मागून सूचना देत, डावीकडून घे, जागा आहे, ये, ये, थांब. सासूबाई एकदा झाऱ्यासकट बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "यांना काहीतरी चालवायला दे, नाहीतर मी घर सोडते." बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईने हे शांतपणे म्हटलं की घ्यावं लागतं मनावर.

मी दुकानातले सुटे भाग जमवून त्यांना कॉम्प्युटर जुळवून दिला. प्रोसेसर जुना, ग्राफिक्स कार्ड त्याहून जुनं. एका गिऱ्हाइकाने नवीन घेतल्यावर माझ्याकडेच टाकून दिलेलं, दोन जीबी मेमरीचं. त्यावर बस चालवण्याचा गेम घातला, स्टिअरिंग आणि पेडल जोडले आणि खोलीचं दार लोटून घेतलं. संध्याकाळी आप्पा बाहेर आले ते हात धुवायला. ड्युटीवरून आल्यावर धुवायचे तसे, कोपरापर्यंत. सासूबाई ते बघून न्हाणीघराच्या दाराशीच रडल्या आणि मी पाण्याचा नळ दुरुस्त करायचं नाटक केलं.

पुढे त्या गेममध्ये आप्पांना एक कंपनी भेटली. खरी नव्हे. जगभरातले हौशी लोक मिळून तिथे बस कंपनी चालवतात, गणवेशाचे रंग ठरवतात, वेळापत्रक काढतात आणि रविवारी ताफा करून एकामागे एक बस नेतात. आप्पांच्या कंपनीत बहुतेक आपलीच भाषा बोलणारे होते. त्यांचा प्रमुख म्हणजे कॅप्टन. दिवसा औषधांचं दुकान चालवायचा आणि रविवारी हेडफोनमधून असा बोलायचा जणू विमानतळ सांभाळतोय. त्यानेच आप्पांना ताफ्यात पुढची जागा दिली होती. पुढची बस म्हणजे मान. वेग तिने ठरवायचा, वळण तिने घ्यायचं, बाकीच्यांनी मागे यायचं.

आणि त्या रविवारी शहरात शिरताना, मोठ्या पुलावर, पुढची बस एकदम नाहीशी झाली. मागच्या दहा-बारा बस पुलावर तशाच उभ्या राहिल्या. कुणाला रस्ता माहीत नव्हता, कारण रस्ता आप्पांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कॅप्टन म्हणाला, "काका, पुन्हा असं झालं तर पुढची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. नियम आहे." आप्पांनी हेडफोन काढून ठेवला आणि खुर्चीत बसले. त्याच जुन्या खुर्चीत. ते बघून मी माझा रविवारचा नियम गुंडाळून ठेवला.

गेमने मागे एक लॉग ठेवला होता, म्हणजे चालू झाल्यापासून काय काय घडलं त्याची स्वतःची नोंद. त्याच्या शेवटी स्पष्ट होतं. ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली आणि कार्ड हातचं गेलं. वर पाहिलं तर कारणही होतं. नव्या अपडेटनंतर गेमने आपणहून व्हल्कन वापरायला सुरुवात केली होती. आधी तो डायरेक्टएक्स अकरावर चालायचा.

"हे दोन कोण?" आप्पांनी विचारलं.

"गेमला कार्डाकडून चित्र काढून घ्यायचं असतं. ते कसं सांगायचं याच्या या दोन पद्धती. रेंडरर म्हणतात."

"एकच पुरे होती ना."

मी जरा विचार केला. आप्पांना समजावायचं तर बसनेच जायला हवं. "असं बघा, डायरेक्टएक्स म्हणजे कंडक्टर असलेली बस. गर्दी झाली तर तो आत सरका म्हणतो, कुणाला उभं करतो, कुणाला थोडा वेळ खाली उतरवून पुन्हा घेतो. धक्के बसतात, उशीर होतो, पण बस जाते. व्हल्कन म्हणजे कंडक्टर नसलेली. सगळं गेमने स्वतः बघायचं. मध्ये कुणी नाही म्हणून पळते झकास. पण गाडी भरली आणि गेमने आधीच हिशोब केला नसेल, तर सांभाळणारं कुणी नाही. या गेमने केलेला नाही. नव्या कार्डात जागा भरपूर असते, तिथे निभावतं. तुमच्या कार्डात शहर मावत नाही."

"म्हणजे दोष व्हल्कनचा नाही."

"नाही."

"कंडक्टर हवाच," आप्पा म्हणाले. आयुष्यभर ज्या कंडक्टरांच्या नावाने त्यांनी बोटं मोडली त्या सगळ्यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं.

मी सेटिंगमध्ये जाऊन रेंडरर डायरेक्टएक्स केला, गेम बंद करून पुन्हा चालू केला आणि आप्पांना शहरातून तासभर फिरवलं. एकदाही बंद पडला नाही. मी हात झटकले. दुकानात मी अशा कामाचे पैसेसुद्धा घेत नाही, इतकं ते सोपं असतं. नेमकं तेच मला भोवलं.

पुढच्या रविवारी मी बाजारातून आले तर आप्पा फाटकाशी उभे. चेहरा पडलेला. "गेली," म्हणाले. पुन्हा तोच पूल.

मी पिशव्या तिथेच ठेवून आत गेले. सेटिंग उघडलं. रेंडरर डायरेक्टएक्स. लॉग उघडला. लॉग स्वच्छ. हा गेम दर वेळी चालू होताना जुना लॉग पुसून नवा लिहितो आणि आप्पांनी बस गेल्या गेल्या ताफा गाठायला गेम पुन्हा चालू केला होता. मी त्यांना त्याच पुलावरून चार वेळा नेलं. बस ऐटीत गेली. थोडी अडखळत, पण गेली.

"इंटरनेट असेल," मी म्हणाले. आमच्या धंद्यात काही सुचलं नाही की हे म्हणतात.

कॅप्टनने आणखी एक संधी दिली. एकच. आप्पा आठवडाभर कमी जेवले. सासूबाई मला काही म्हणाल्या नाहीत, पण पोळी वाढताना माझ्याकडे अशा बघायच्या की मला माझं दुकान बंद करावंसं वाटायचं. मी नवीन कार्ड आणते म्हटलं, तर आप्पा म्हणाले की चालती गाडी मोडीत काढणाऱ्यातले ते नाहीत. शिवाय त्या डब्यातला पॉवर सप्लाय नव्या कार्डाला पुरणारा नव्हता. तो बदला, मग बोर्ड बदला, मग डबा बदला. असं करत करत माणसं नवं घर घेतात.

मी दुसरा मार्ग काढला. पुन्हा व्हल्कन लावायचा आणि टेक्श्चर कमी करायचं, म्हणजे रस्ते, भिंती, झाडं यांच्यावरची चित्रं जरा ढोबळ करायची. मेमरी वाचते, क्रॅश थांबतो. करून बघितलं. क्रॅश थांबला. पण रस्त्यावरच्या पाट्या अशा झाल्या की जणू कुणी ओल्या हाताने पुसल्यात. आप्पा पहिल्याच चौकात थांबले. "पाटी दिसत नाही. पाटी दिसत नसताना मी गाडी पुढे नेणार नाही." मला वाटलं, शिस्त. मी टेक्श्चर पुन्हा वाढवलं, रेंडरर पुन्हा डायरेक्टएक्स केला आणि मनातल्या मनात शिस्तीला चार शब्द सुनावले.

शनिवारी दुपारी मी दुकानाला कुलूप लावून घरी आले आणि आप्पांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण मार्ग. घाट, माळरान, मधला थांबा, पूल, शहर. सगळं डायरेक्टएक्सवर. काहीही झालं नाही. फक्त मोकळ्या रस्त्यावर, जिथे आप्पांना वेग घ्यायचा असतो, तिथे चित्र अडखळत होतं आणि प्रत्येक अडखळण्याला आप्पांचा जबडा आवळत होता. डायरेक्टएक्समध्ये प्रोसेसरवर भार जास्त पडतो, आणि तो प्रोसेसर म्हणजे काय ते मला माहीत होतं, मीच भंगारातून काढला होता.

"मागे माणसं बसलीत," आप्पा पुटपुटले. "हिसके बसतायत त्यांना."

"आप्पा, ती माणसं खरी नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्टूल जरा मागे ओढलं.

आप्पा चहाला उठले आणि मी तिथेच चरफडत बसले. मी शेजारी बसले की बस नीट जाते, मी नसले की पुलावर मरते. गिऱ्हाइकं म्हणतात ते हेच, तुमच्या दुकानात आलं की बरोबर चालतं. या वाक्यावर मी आजवर मनापासून हसत आले होते. मग मला आठवलं की लॉग पुसला जात असला तरी क्रॅशचे अहवाल वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात. तारखेनिशी. त्यात गेल्या रविवारचा सापडला. उघडला. रेंडरर, व्हल्कन.

मी सेटिंग पुन्हा पाहिलं. डायरेक्टएक्स. अहवाल पुन्हा पाहिला. व्हल्कन. कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि मशीन खोटं बोलत नाही. ते बिचारं सांगितलेलं करतं, हीच त्याची अडचण आहे.

"आप्पा," मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "तुम्ही सेटिंगमध्ये काही बदललं होतं का?"

"मी काहीच केलं नाही," आप्पा म्हणाले. म्हणजे केलं होतं.

मी काही न बोलता उभी राहिले. दुकानात मी हेच करते. माणसाला फार वेळ शांतता सोसवत नाही. आप्पांनी बशी खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला आणि शेवटी बोलले. मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच ताठ मानेने.

"बदलतो मी. दोन्हींचे गुण बघून बदलतो. मोकळ्या रस्त्याला व्हल्कन. काय पळते गाडी. तेवढ्यासाठी सकाळीच सेटिंग करून ठेवतो, मग गेम बंद करून अंघोळीला जातो. मग मधल्या थांब्यावर सगळे चहापाणी करतात तेव्हा मेनूत जाऊन डायरेक्टएक्स करतो, जागा पाठ झालीय, आणि शहरात शिरतो. चढाला वेगळा गिअर, सपाटीला वेगळा. एकाच गिअरमध्ये कोण गाडी हाकतं?"

मी भिंतीला टेकले. काय करावं सुचेना, हसावं की त्यांचे पाय धरावे. सगळं बरोबर होतं. मोकळ्या रस्त्याला व्हल्कन चांगला हे बरोबर, शहराला डायरेक्टएक्स सुरक्षित हे बरोबर. फक्त रेंडरर म्हणजे गिअर नव्हे. गेम सुरू होताना जो घेतला तोच शेवटपर्यंत चालतो. मेनूत बदलला तर गेम तेवढं लिहून ठेवतो, आणि बदल लागू होतो तो पुन्हा सुरू केल्यावर. म्हणजे आप्पा थांब्यावर डायरेक्टएक्स निवडायचे, मेनूत डायरेक्टएक्स दिसायचं आणि बस व्हल्कनवरच शहरात शिरून पुलावर गारद व्हायची. मग ते घाईने गेम पुन्हा चालू करायचे आणि तेव्हा खरोखर डायरेक्टएक्स लागू व्हायचा. मग मी यायचे, सगळं ठीक आहे म्हणायचे आणि इंटरनेटला नावं ठेवायचे.

"पण आप्पा, तिथे पाटी येते. बदल केला की मधोमध येते. गेम पुन्हा सुरू करा, मगच लागू होईल."

"येते काहीतरी."

"मग वाचली नाहीत?"

आप्पा चहाकडे बघत राहिले. मला राग येत होता. आठवडाभराचा राग, पोळ्यांच्या वेळच्या नजरांचा राग, आणि तो आता तोंडातून बाहेर पडणारच होता. तेवढ्यात ओट्याजवळून सासूबाई हळूच बोलल्या. "थांब्याच्या वेळी मी इथे असते ना. चहा टाकायला."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं. पेपर सासूबाई मोठ्याने वाचतात. औषधाच्या बाटल्यांवरचं त्या वाचतात. क्रॅशचा प्रश्नही त्यांनीच वाचला होता. आम्ही सगळे त्याला म्हातारपणीचं प्रेम म्हणत होतो आणि कौतुक करत होतो. गेममधले रस्त्यावरचे फलक मोठे असतात, ते आप्पांना दिसतात. मेनूतली बारीक अक्षरं दिसत नाहीत. आधीचा चष्मा कधीच पुरेनासा झाला होता आणि नवीन तपासणीला ते जात नव्हते. तपासणीने एकदा त्यांचं चाक नेलं होतं. पुन्हा कशाला जातील ते त्या खोलीत. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी उगाच साखरेचा डबा उघडून बघितला.

"कॅप्टनला सांगू नकोस," आप्पा म्हणाले. "डोळे गेलेला माणूस पुढे कोण ठेवेल?"

"डोळे गेले नाहीत, आप्पा."

"सांगू नकोस."

मग आम्ही तिघांनी मिळून एक कट केला. मोकळा रस्ता व्हल्कनवर. थांबा दहा मिनिटांचा असतो. त्यात मेनूतून डायरेक्टएक्स करायचा, गेम गुपचूप बंद करायचा, पुन्हा चालू करून त्याच थांब्यावर उगवायचं. एकाच्या पडद्यावर कुठला रेंडरर आहे याच्याशी दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं, त्यामुळे तिकडून कुणाला कळायचं कारण नव्हतं. फक्त पुढच्या बसने ताफा सोडायचा नाही असा कॅप्टनचा नियम होता, म्हणून आपलं गुपचूप. आम्ही दोनदा सराव केला. जुन्या डिस्कवर गेम चालू व्हायला चार मिनिटं लागायची. सासूबाई घड्याळ बघत म्हणाल्या, "चहा थर्मासात आधीच भरून ठेवते."

रविवारी मी स्टुलावर, सासूबाई माझ्या मागे, आणि नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की घरात शिंकायचं नाही. ताफा निघाला. घाटात आप्पा गाणं गुणगुणत होते. माळरानावर बस अशी पळत होती की मीसुद्धा खिडकीतून बाहेर बघितल्यासारखी बाजूला बघत होते. मागून कुणीतरी हेडफोनमध्ये म्हणालं, "काका, काय मस्त नेताय," आणि आप्पांनी उत्तर दिलं नाही, कारण चालकाशी बोलू नये असा नियम ते स्वतःला लावतात.

थांबा आला. बस एका रेषेत लागल्या. आप्पा मेनूत गेले, मी बोट दाखवलं तिथे डायरेक्टएक्स निवडलं आणि पाटी आली. नेमका तेव्हाच कॅप्टन बोलला. "मंडळी, आज थांबा छोटा. आपण उशिरा आहोत. दोन मिनिटांत निघू. काका, तुम्ही सुरुवात करा."

दोन मिनिटं. मी माइक बंद आहे ना बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, होणार नाही. गेम बंद केला तर तुम्ही त्यांच्यासमोर नाहीसे व्हाल. नाही केला तर पुलावर नाहीसे व्हाल."

"काका?" कॅप्टन. "निघताय ना?"

सासूबाईंनी माझा खांदा धरला. आप्पांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पडद्यावरच्या त्या पाटीकडे ते डोळे बारीक करून बघत राहिले, आणि मला कळलं की ते ती वाचायचा प्रयत्न करतायत. वाचता आली असती तरी काही बदललं नसतं. तरी ते करत होते. मग त्यांनी माइकचं बटण दाबलं.

"कॅप्टन, मी आत्ता निघत नाही," आप्पा म्हणाले. "माझं कार्ड जुनं आहे. शहरात व्हल्कनवर टिकत नाही. डायरेक्टएक्स करून गेम पुन्हा लावायला लागतो. ते मला ठाऊक नव्हतं, कारण इथे जे बारीक लिहून येतं ते मला दिसत नाही. माझे डोळे अधू आहेत. म्हणून दोनदा तुम्हा सगळ्यांना मी पुलावर सोडून गेलो. आता मी गाडी नीट करून येतो. थांबायचं तर थांबा. नाहीतर पुढे दुसऱ्याला घ्या, माझी तक्रार नाही."

 आप्पांचे कान लाल झाले होते. मी कॅप्टनला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि त्याच्या औषधांच्या दुकानाचाही त्यात उल्लेख येणार होता.

"काका," मागच्या कुठल्यातरी बसमधून एका बाईंचा आवाज आला, "डायरेक्टएक्स म्हणजे कुठे जाऊन करायचं? माझाही गेम तिथेच जातो. मी दर वेळी सांगते की वीज गेली."

"तुमची वीज जाते ना?" कॅप्टन म्हणाला.

"आमच्याकडे वीज कधीच जात नाही."

"मी तर पुलाच्या आधीच मुद्दाम मागे राहतो," तिसऱ्याने सांगितलं. "म्हणजे गेलो तर दिसत नाही कुणाला."

मग बांध फुटला. एकाचं कार्ड आप्पांच्यापेक्षाही जुनं निघालं. एक जण टेक्श्चर इतकं खाली ठेवून चालवत होता की त्याला पूल हा पूल आहे हेच माहीत नव्हतं. आप्पांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि म्हणाले, "सांग त्यांना." आणि मी, रविवारी कुणाच्या कॉम्प्युटरला हात न लावणारी, दहा-बारा अनोळखी माणसांना मेनू, ग्राफिक्स, रेंडरर, डायरेक्टएक्स, लागू करा, आता गेम पूर्ण बंद करा, नुसता खाली सरकवू नका, असं ओरडून सांगत बसले. एकेक बस थांब्यावरून नाहीशी होऊ लागली. शेवटी आमच्याखेरीज फक्त कॅप्टनची उरली.

"तुम्हाला काही अडचण नाही ना?" मी विचारलं.

 कॅप्टन खाकरला. विमानतळाचा आवाज गेला होता, औषधांच्या दुकानातला आला होता. "ताई, ते 'लागू करा' कुठे असतं?" आणि त्याचीही बस नाहीशी झाली.

मग आप्पांचाही गेम बंद केला आणि तो चार मिनिटांनी पुन्हा लागला. थांबा मोकळा होता. एकेक करून बस उगवू लागल्या आणि आप्पा प्रत्येकाला आवाज देऊन विचारत होते, आलात का, नीट आलात का. वीज न जाणाऱ्या बाई सगळ्यात शेवटी आल्या. त्या येईपर्यंत आप्पांनी इंजिन चालू केलं नाही.

ताफा शहरात शिरला. चित्र अडखळत होतं, वळणावर हिसके बसत होते, आणि सगळ्यांच्याच पडद्यावर बसत असणार. पूल आला. सासूबाईंची नखं माझ्या खांद्यात रुतली. पूल संपला, चौक आला, मग दुसरा चौक, आणि शेवटच्या स्टँडवर आप्पांनी बस फलाटाला इतकी अलगद लावली की मला रडू आलं. मागे सगळ्या लागल्या.

"काका," कॅप्टन म्हणाला, "पुढच्या रविवारी पुढे तुम्हीच."

"असेन," आप्पा म्हणाले. "पण थांबा वीस मिनिटांचा ठेवा. आणि पहिल्या रविवारी जो नवीन येईल त्याला आधी विचारा, कार्ड कुठलं आहे. लाजतात लोक."

त्यांनी हेडफोन काढला, हात धुवायला उठले आणि दारातच वळले. "सूनबाई, तो डोळ्यांचा डॉक्टर सोमवारी किती वाजता बसतो?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि थर्मास उघडला. मी म्हणाले की विचारून सांगते. मला माहीत होतं तो किती वाजता बसतो. तरी फोन शोधायच्या निमित्ताने मी बाहेरच्या खोलीत गेले.